ऑपरेशननंतर पोट का फुगतं, आणि आतड्यांची शांतता किती मनावर घ्यावी?

वाचकाचं पत्र

दोन महिन्यांपूर्वी बाबांच्या मोठ्या आतड्याचा उजवा भाग गाठीमुळे काढावा लागला. पोट उघडूनच ऑपरेशन झालं. पहिला दिवस बरा गेला. डॉक्टरांनी तोंडाने काही देऊ नका म्हटलं होतं, पण त्यांची कोरडी जीभ बघवेना म्हणून रात्री मी चार-पाच घोट पाणी दिलं आणि कुणाला बोलले नाही. दुसऱ्या दिवशी पोट ताठ फुगलं, उचक्या लागल्या. डॉक्टर स्टेथोस्कोप लावून म्हणाले, 'आवाज नाहीत.' तिसऱ्या दिवशी हिरवी उलटी झाली. नाकातून नळी घातली, तर लगेच जवळजवळ एक लिटर पाणी निघालं. रक्तात पोटॅशियम कमी आलं. चौथ्या दिवशी सीटी स्कॅन केला. अडथळा नाही, आतड्याचा जोड शाबूत. पाचव्या दिवशी वारा सरला आणि गाडी रुळावर आली. पाण्याचं मी दादाला नंतर सांगितलं. तो अजून म्हणतो, 'तुझ्यामुळे बाबांची आतडी बंद पडली.' आता आईचं गर्भाशय काढायचं आहे. पोटात आवाज येईपर्यंत तिला थेंबही द्यायचा नाही असं मी ठरवलंय, पण तिच्या डॉक्टर त्याच संध्याकाळी पाणी सुरू करू म्हणतात. मी काय करू?

उत्तर

तुमच्या घोटभर पाण्याने बाबांची आतडी थांबली नाहीत. हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाही. हिशेब मांडून दाखवता येतो.

आपण तोंडाने काहीही घेतलं नाही तरी पचनमार्गात पाणी येतच असतं. नेहमी जेवणाऱ्या माणसात दिवसाला लाळ साधारण एक ते दीड लिटर, जठराचा रस दोन लिटरच्या आसपास, शिवाय पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याच्या अस्तरातून पाझरणारं पाणी असं मिळून सातेक लिटर द्रव आत उतरतो. उपाशी राहिल्यावर हा ओघ कमी होतो, पण आटत नाही. एरवी आतडी हे पाणी पुढे ढकलत जातात आणि वाटेत त्याचा बहुतेक भाग शोषून घेतात, म्हणून आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. ढकलण्याचं काम थांबलं की तेच पाणी जठरात आणि लहान आतड्यात साचतं. बाबांच्या नळीतून निघालं ते हेच. चार-पाच घोट मोठे धरले तरी सव्वाशे-दीडशे मिलीलिटर होतात, आणि तेसुद्धा दीड दिवस आधीचे. उलटी हिरवी होती म्हणजे तिच्यात पित्त होतं, पुढे जायचा रस्ता न मिळाल्याने जठराकडे परत फिरलेलं. दादांना हा हिशेब दाखवा. तुम्ही पाणी दिलं नसतं तरी नळी तेवढीच भरली असती.

मात्र एक गोष्ट वेगळी काढून सांगायला हवी. पाणी देण्यापेक्षा ते लपवणं जास्त धोक्याचं होतं, आणि त्या धोक्याचा आतड्यांशी संबंध नाही. ऑपरेशननंतर गुंगीत असलेल्या माणसाचं जठर भरलेलं असेल आणि त्याला उलटी झाली, तर ती श्वासनलिकेत उतरू शकते. सुरुवातीला तोंडाने काही देऊ नका असं सांगतात, त्यामागे ही काळजी मोठी असते. त्याच रात्री तुम्ही नर्सला सांगितलं असतं, तर त्यांनी बाबांची उशाकडची बाजू उंच केली असती, कदाचित ओला कापूस ओठांवरून फिरवायला दिला असता आणि मळमळीकडे जरा जास्त लक्ष ठेवलं असतं. रागावलं कुणी नसतं असं मी म्हणणार नाही, पण ती माहिती त्यांच्या उपयोगाची होती.

मग आतडी थांबली कशाने? पोट उघडलं, आतडं हातात घेतलं गेलं, म्हणून. पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतर आतडी काही काळ मंदावतात ही जवळजवळ नेहमीची गोष्ट आहे. डॉक्टर याला इलियस म्हणतात. कुणात ते दीड-दोन दिवसांत ओसरतं, तर बाबांसारख्या एखाद्यात लांबतं.

आतड्याच्या भिंतीत मज्जातंतूंचं स्वतःचं जाळं असतं. मेंदूने काही सांगितलं नाही तरी आतडं आपलं आपण आकुंचन पावून अन्न पुढे सारू शकतं. या जाळ्यावर बाहेरून येणाऱ्या नसांचा ताबा असतो आणि त्यातल्या काही नसांचं काम ब्रेक लावण्याचं आहे. पोटाला चीर पडली, आतलं पातळ आवरण ताणलं गेलं, आतडं बाजूला सारलं, की या नसा जाग्या होतात आणि सगळा पचनमार्ग थबकतो. 1899 मध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या दोन इंग्लिश शरीरशास्त्रज्ञांनी कुत्र्यांवर हे दाखवलं होतं. पोट उघडलं की आतडी निपचित पडायची, आणि आतड्यांकडे जाणाऱ्या त्या ब्रेकच्या नसा कापल्या की हालचाल परत यायची. पुढे 1906 मध्ये वॉल्टर कॅनन आणि मर्फी यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने प्राण्यांच्या पोटातलं अन्न किती वेळात पुढे सरकतं ते पाहिलं. त्यांना दिसलं की नुसत्या भुलेपेक्षा आतडी हाताळण्याचा परिणाम कितीतरी मोठा आहे. भूल उतरली तरी आतडी का जागी होत नाहीत, हा प्रश्न नातेवाईक नेहमी विचारतात. त्याचं उत्तर शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या प्रयोगांत आहे.

पण नसांचा हा ब्रेक फार वेळ टिकत नाही. ऑपरेशन संपलं, पोट शिवलं, की तो हळूहळू सुटतो. बाबांना पहिल्या दिवशी बरं वाटत होतं आणि दुसऱ्या दिवशी पोट फुगलं, तुम्हाला बुचकळ्यात पाडणारा हा क्रम त्यानंतरच्या घडामोडींमुळे आहे.

आतड्याच्या स्नायूंच्या थरात रोगप्रतिकारक पेशी पसरलेल्या असतात. सर्जनने आतडं कितीही हळुवार हाताळलं तरी या पेशी चेतवल्या जातात. त्यांच्यातून दाह वाढवणारी द्रव्यं सुटू लागतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्या थरात शिरतात आणि तिथला स्नायू ढिला पडतो, कारण या द्रव्यांपैकी काही थेट स्नायूलाच थांबवतात. याला वेळ लागतो. ऑपरेशननंतर काही तासांनी सुरुवात होते आणि पुढचा दिवस-दोन दिवस तो जोर धरतो. शिवाय जो तुकडा हाताळला गेला तेवढ्यावर हे थांबत नाही. दाह झालेल्या तुकड्याकडून निघालेले संदेश नसांवाटे बाकीच्या आतड्यालाही मंद ठेवतात. म्हणून उजवीकडे ऑपरेशन होऊन सगळंच पोट फुगतं. पहिल्या दिवशी माणूस टवटवीत दिसणं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ढासळणं हे या दाहाच्या वेळापत्रकाला धरून आहे. त्या मधल्या रात्री तुम्ही पाणी दिलंत, एवढाच योगायोग झाला. एकामागोमाग दोन गोष्टी घडल्या की पहिलीने दुसरी घडवली असं मनाला वाटतं, आणि आजारपणात तर फारच पटकन वाटतं.

यात भर घालणाऱ्या आणखी दोन गोष्टी बाबांच्या बाबतीत असाव्यात. एक म्हणजे वेदनेवरची औषधं. मॉर्फिन, फेंटानिल आणि त्यांच्या कुळातली औषधं मेंदूत ज्या जागांवर काम करतात, तशाच जागा आतड्याच्या मज्जातंतूंवरही असतात. तिथे ती बसली की आतड्याचे स्नायू आकुंचन पावतात खरे, पण पुढे ढकलणारी शिस्तबद्ध लाट निर्माण होत नाही. जागच्या जागी आवळणं चालू राहतं आणि आतला माल तिथेच राहतो. दुसरी गोष्ट पोटॅशियम. स्नायूला आकुंचन पावायला ते योग्य प्रमाणात लागतं. रक्तातलं नेहमीचं प्रमाण लिटरमागे साधारण साडेतीन ते पाच मिलिमोल असतं. उलट्या आणि नळीतून जाणाऱ्या पाण्याबरोबर शरीरातलं पोटॅशियम घटत जातं, आणि ते उतरलं की आधीच सुस्तावलेलं आतडं आणखी सुस्तावतं. म्हणजे आतडी थांबल्यामुळे पोटॅशियम जातं आणि पोटॅशियम गेल्यामुळे आतडी थांबून राहतात. सलाईनमधून ते भरून काढतात ते हे चक्र तोडायला. सलाईनचंही प्रमाण असतं बरं का. गरजेपेक्षा जास्त दिलं तर पाणी आतड्याच्या भिंतीतच मुरतं, भिंत सुजते आणि सुजलेली भिंत नीट हलत नाही. 'दोन बाटल्या जास्त लावा, अशक्तपणा आहे' असा आग्रह नातेवाईकांनी धरू नये तो यासाठी.

पोट ताठ होतं ते साचलेल्या पाण्याने आणि हवेने. ही हवा मुख्यतः आपण गिळलेली असते. बोलताना, लाळ गिळताना, मळमळत असताना आपण नकळत हवा गिळत राहतो. तिच्यात सर्वाधिक असतो नायट्रोजन, आणि आतड्याचं अस्तर तो फारसा शोषत नाही. एरवी ढेकरेतून किंवा खालून ती निघून जाते. वाट बंद असली की ती आतच अडकते. फुगलेली आतडी वरच्या पडद्याला, म्हणजे श्वासपटलाला, ढकलतात, म्हणून उचक्या लागतात आणि श्वास पुरत नाही असं वाटतं. नाकातल्या नळीचं काम एवढंच, की हे साचलेलं बाहेर काढून उलटी आणि ताण कमी करायचा. नळीमुळे आतडी लवकर चालू होतात असं नाही. म्हणूनच आता ऑपरेशननंतर सरसकट सगळ्यांना नळी घालत नाहीत, ज्यांना उलट्या होतात किंवा पोट फार फुगतं त्यांनाच घालतात.

आता आवाजांकडे येते. आईबद्दलचा तुमचा सगळा निर्णय त्यांच्यावरच उभा आहे.

नळाला हवा आणि पाणी एकत्र आलं की तो खुळखुळतो, तसाच पोटातला आवाज येतो. आत द्रव हवा, गॅस हवा आणि त्यांना हलवणारा स्नायू हवा. तिन्हींपैकी काही कमी असलं तरी पोट शांत राहतं. उपाशी, निजलेल्या निरोगी माणसाचंही पोट बराच वेळ गप्प असू शकतं. उलट, आवाज येत असले तरी माल पुढे जातोच आहे असं म्हणता येत नाही, कारण जागच्या जागी घुसळणंही आवाज करतं.

त्याहून मोठी अडचण आहे ती पचनमार्गाच्या वेगवेगळ्या भागांच्या वेगवेगळ्या वेळांची. ऑपरेशननंतर लहान आतडं सगळ्यात आधी सावरतं, बहुधा पहिल्या दिवसाच्या आतच. जठराला एक-दोन दिवस लागतात. मोठं आतडं सगळ्यात मागे राहतं, दोन-तीन दिवस, कधी त्याहून जास्त. स्टेथोस्कोपमधून ऐकू येणारी गुरगुर बरीचशी जठर आणि लहान आतड्याची असते. म्हणजे 'आवाज आले' असं सांगितलं जातं तेव्हा मोठं आतडं अजून निजलेलं असू शकतं. आणि 'आवाज नाहीत' असं म्हणतात त्या क्षणीही लहान आतडं थोडं पाणी सहज पुढे नेत असू शकतं. त्यातून पोटावर किती वेळ आणि कुठे कुठे ऐकलं यावरही उत्तर बदलतं. तेच आवाज दोन अनुभवी डॉक्टरांना ऐकवले तरी त्यांचं एकमत होईलच असं नाही. पोट ऐकून पाहण्यात काही चूक नाही, पण खायला द्यायचं की नाही हे त्या एका खुणेवर ठरवावं इतकी ती भरवशाची नाही.

मी स्वतः रुग्णाला विचारते ते वेगळंच. मळमळ आहे का, दिलेलं पाणी पोटात राहतंय का, भूक लागल्यासारखं वाटतंय का, पोट कालच्यापेक्षा मऊ आहे की कडक, वारा सरला का, शौचाला झाली का. यातल्या शेवटच्या दोन गोष्टी मोठं आतडं जागं झाल्याचं सांगतात आणि मळमळ नसणं जठराचं सांगतं. घन अन्न पोटात टिकणं आणि शौचाला होणं या दोन्ही गोष्टी जुळल्या की गाडं सुरू झालं असं धरायला हरकत नाही. नुसता वारा सरला आणि मळमळ तशीच असेल, तर मी थांबते.

बाबांचा सीटी स्कॅन का केला, हेही समजून घ्या, कारण इथे घाई आणि हलगर्जी दोन्ही महागात पडतात. चौथ्या दिवशीही पोट फुगलेलंच असेल तर डॉक्टरांसमोर तीन शक्यता असतात. पहिली साध्या इलियसची, म्हणजे आतडं फक्त मंद आहे. दुसरी, कुठेतरी आतडं खरंच अडकलंय किंवा पिळवटलंय. तिसरी, सगळ्यात धास्तीची, शिवलेला जोड गळतोय आणि त्या गळतीमुळेच बाकीची आतडी थंडावली आहेत. साध्या इलियसमध्ये सगळं पोट सारखं फुगतं, दुखणं असतं ते ताणाचं आणि बोथट, लाटांसारखी कळ येत नाही. स्कॅनमध्ये लहान-मोठं दोन्ही आतडं फुगलेलं दिसतं आणि 'इथपर्यंत फुगलेलं, इथून पुढे चपटं' असं एखादं ठिकाण सापडत नाही. अडथळा असेल तर असं ठिकाण बहुतेक वेळा सापडतं. अशा रुग्णाला कळा येतात, जातात, पुन्हा येतात, आणि पोट गप्प असण्याऐवजी सुरुवातीला उंच किणकिण आवाज करतं. (आवाज उपयोगी पडतात ते अशा वेळी, बाकीच्या लक्षणांच्या जोडीने.) गळती असेल तर ताप, धावणारी नाडी, वाढत जाणारी वेदना आणि माणूस एकूणच खालावतोय अशी भावना असते. ती बहुधा पहिल्या आठवड्याच्या उत्तरार्धात डोकं वर काढते. तुमच्या बाबांच्या स्कॅनमध्ये अडथळा नव्हता, गळती नव्हती. उरली ती मंदावलेली आतडी. तिच्यावर इलाज होता वाट पाहण्याचा, पोटॅशियम भरण्याचा आणि मॉर्फिनच्या कुळातली औषधं कमी करण्याचा. ती पाचव्या दिवशी जागी झाली, हे लांबलेल्या इलियसच्या मानाने काही वावगं नाही.

आता आई. आवाज येईपर्यंत थेंबही नाही, हा नियम तुम्ही हवेतून आणला नाहीत. कित्येक दशकं शस्त्रक्रिया विभागात तो पाळला जात होता. पण 1990 च्या दशकात डेन्मार्कमधले सर्जन हेन्रिक केलेट आणि त्यांच्या वाटेने जाणाऱ्या इतरांनी एकेक जुना नियम तपासून पाहिला, तेव्हा दिसलं की ठणठणीत जागं असलेल्या, मळमळ नसलेल्या रुग्णाला लवकर पाणी आणि हलकं अन्न दिलं तर नुकसान होत नाही. उलट बरेचजण लवकर सावरतात. तोंडातून काही गेलं की पचनमार्गाला स्वतःचे संदेश मिळतात, आणि उपाशी ठेवल्याने ते मिळतच नाहीत. आईच्या डॉक्टर त्याच संध्याकाळी पाणी देऊ म्हणतात ते या अनुभवावर. त्यातून गर्भाशय काढताना आतडं कापायचं-जोडायचं नसतं, ते फक्त बाजूला सारलेलं असतं. म्हणून बाबांपेक्षा आईची आतडी लवकर जागी होण्याची शक्यता चांगली आहे. त्यांचं ऐका. तुम्ही घोट रोखून धरलात तर आईला त्याचा फायदा होणार नाही, आणि तहानेने ती हैराण होईल ते वेगळंच.

पण 'त्याच संध्याकाळी पाणी' म्हणजे कसंही नाही. आधी ती पूर्ण जागी असावी, उठून बसलेली असावी, मळमळ नसावी. एका वेळी दोन-तीन घोट, मग थोडं थांबायचं. पोटात राहिलं तर पुढे जायचं. मळमळ किंवा उलटी झाली तर काही तास मागे यायचं आणि नर्सला सांगायचं. मागे यावं लागलं म्हणून कुणाचं चुकलं असं नसतं. लवकर खाऊ-पिऊ दिलेल्यांपैकी काहींना हे होतंच.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांशी बोलायची संधी मिळेल तेव्हा मुख्य प्रश्न वेदनेच्या औषधांचा विचारा. मॉर्फिनच्या कुळातली औषधं पूर्ण टाळता येतीलच असं नाही, आणि वेदनेत तळमळत ठेवणं हा काही उपाय नाही. पण पॅरासिटामॉल ठरावीक वेळेला नियमित, मूत्रपिंड ठीक असतील तर दाह कमी करणारं एखादं औषध, आणि भूलतज्ज्ञ देतात ती पोटाची भिंत बधिर करणारी इंजेक्शनं किंवा पाठीतली एपिड्यूरल, असं मिळून बेत आखला तर त्या औषधांची गरज बरीच घटते. हे ऑपरेशनआधीच ठरतं, नंतर वॉर्डमध्ये ऐनवेळी नाही. दुर्बिणीतून ऑपरेशन शक्य आहे का, हेही त्याच वेळी विचारा. त्यात आतडी कमी हाताळली जातात. पण गर्भाशयाचा आकार आणि आजार पाहून सर्जन जे सांगतील ते माना, फक्त आतड्यांच्या काळजीने आग्रह धरू नका. आईला आधीपासून बद्धकोष्ठ असेल किंवा मनाच्या आजारासाठी, लघवीच्या त्रासासाठी गोळ्या चालू असतील, तर त्यांची नावं लिहून न्या. त्यातल्या काही आतड्याला मंद करतात.

च्युइंगगमबद्दल तुम्ही कुठेतरी वाचलं असेलच. चघळल्यावर मेंदूला वाटतं की जेवण सुरू झालं आणि तो आतड्यांकडे तसे संदेश पाठवतो. ही कल्पना चांगली आहे, आणि जिथे रुग्णांना बराच वेळ उपाशी ठेवत तिथे त्याचा थोडा फायदा दिसला. लवकर खायला मिळणाऱ्या रुग्णात तो फरक फारसा उरत नाही. आई पूर्ण जागी असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल तर चघळू दे, पण त्यावर मदार ठेवू नका. चालण्याचंही असंच. वॉर्डमध्ये दुसऱ्या दिवशी उठवून चालवतात तेव्हा 'चाला म्हणजे गॅस सुटेल' असं सगळेच म्हणतात. चालण्याने आतडं थेट लवकर जागं होतं हे काही पक्कं सिद्ध झालेलं नाही. चालवायचं ते पायांत रक्ताची गुठळी होऊ नये, फुप्फुसं नीट भरावीत आणि अंग आखडू नये म्हणून. त्या कारणांसाठी मात्र आईला नक्की चालवा, कुरकुरली तरी.

घरगुती उपायांबाबत मी कडक आहे. पोट फुगलंय म्हणून स्वतःच्या मनाने जुलाबाचं औषध देणं, एनिमा देणं किंवा पोट चोळणं हे ऑपरेशन झालेल्या माणसावर करू नका. डॉक्टर स्वतः कधी रेचक देतात, पण आत टाके कुठे आहेत आणि अडथळा नाही ना हे त्यांना माहीत असतं. ज्या आतड्यात खरोखर अडथळा आहे किंवा जोड ताजा आहे, त्याला बाहेरून हाकलण्याचा प्रयत्न केल्यास ताण त्या टाक्यांवर पडतो.

आई घरी आल्यानंतरचे काही दिवस सांभाळायला तुम्हीच असाल. पहिल्या दोन-तीन दिवसांत पोट थोडं जड, थोडं फुगलेलं आणि शौचाला घट्ट होणं हे चालण्यासारखं आहे, जोवर ते रोज थोडंथोडं कमी होतंय. पण आधी वारा सरत होता, खाणं पचत होतं आणि मग पुन्हा पोट कडक झालं, उलट्या लागल्या किंवा वारा आणि शौच दोन्ही थांबलं, तर संध्याकाळ व्हायची वाट पाहू नका. ताप, विसावा घेत असतानाही वेगाने धडधडणारी नाडी, औषध घेऊनही वाढत जाणारं दुखणं, हिरवी किंवा मळकट उलटी, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच वेळी ज्या रुग्णालयात ऑपरेशन झालं तिथे फोन करा. रात्र असली तरी करा, आणि फोनवर समाधान झालं नाही तर आईला घेऊन सरळ तिथे जा. जाताना तिने शेवटचं काय आणि कधी खाल्लं-प्यायलं, शेवटचा वारा कधी सरला, कुठल्या गोळ्या कधी घेतल्या, हे कागदावर लिहून न्या.